पाचशे वेळा बदललेली कूस, कादंबरीत चार वेळा

आजारी आईवडिलांच्या शेवटच्या दिवसांवर कादंबरी लिहिणाऱ्या नवोदितांची हस्तलिखितं एकाच ठिकाणी घसरतात. अंथरुणाशेजारी बसलेलं माणूस काहीच करत नसतं. ते नुसतं पाहतं, आठवतं आणि रडतं. प्रत्यक्षात अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरात सकाळपासून रात्रीपर्यंत काम असतं: पुसणं, बदलणं, वळवणं, भरवणं, मोजणं. लेखक ते काम गाळतो आणि तिथे उरलेली पोकळी अश्रूंनी भरतो. म्हणून हा लेख एकाच कामाभोवती ठेवला आहे, कूस बदलण्याच्या. ते नीट शिकून घ्यायचं आणि कादंबरीत चार वेळा, चार वेगळ्या टप्प्यांवर वापरायचं.

उदाहरण म्हणून एक घर घेऊ. कराडमधलं दोन खोल्यांचं घर. अण्णा, वय ७६, निवृत्त तलाठी. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत गेलेला, कण्यावर दाब आल्यामुळे पाय उचलत नाहीत, लघवीला कॅथेटर. मुलगी सुनंदा, वय ४८, माहेरी येऊन राहिलेली. भाऊ पुण्याला. अण्णा अंथरुणावर पडल्यापासून जाईपर्यंत सहा आठवडे.

पहिली पायरी: आजार आणि तारखा आधी ठरवा

"आई आजारी होती" एवढ्यावर कादंबरी उभी राहत नाही, कारण प्रत्येक आजाराचा उतार वेगळा असतो. पक्षाघातात एका दिवसात सगळं पडतं आणि मग महिनोन्‌महिने फारसं काही हलत नाही. स्मृतिभ्रंशाला वर्षं लागतात. हृदय किंवा फुफ्फुस निकामी होत जाणारा माणूस दोनतीनदा मरणाच्या दारातून परत येतो, आणि घरच्यांचा तिसऱ्या वेळी विश्वासच बसत नाही. पसरलेल्या कॅन्सरमध्ये बरेचदा बराच काळ माणूस बऱ्यापैकी असतो आणि शेवटच्या काही आठवड्यांत उतार झपाट्याने येतो.

अण्णांसाठी एका कागदावर सहा आठवडे आखा. पहिल्या आठवड्यात ते हातांच्या जोरावर अंग थोडं सरकवतात आणि सूचना देतात. तिसऱ्यात जेवण निम्म्यावर येतं. पाचव्यात दिवसाचा बराचसा वेळ झोपेत जातो. सहाव्यात पाणीसुद्धा चमच्याने. हा कागद समोर असला की चौथ्या आठवड्यातल्या अण्णांच्या तोंडी तुम्ही दीड पानाचं भाषण घालणार नाही. त्यांना तेवढा दमच नसतो. दोनचार शब्द, मग थांबणं.

काळही ठरवा. दुखण्यावरचं मॉर्फिन हे त्यातलं महत्त्वाचं कारण. अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फिन ठेवणं व देणं सोपं झालं. त्याआधी ते मिळवणं फार किचकट होतं. कादंबरी १९९५ मध्ये घडत असेल तर अण्णांच्या रात्री वेगळ्या असतील, कारण तालुक्याच्या गावी ती गोळी मिळणं जवळजवळ अशक्य. आज घडत असेल तरी ती कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात मिळते असं लिहू नका. कुणाला तरी कागद घेऊन ठरावीक केंद्रावर जावं लागतं, आणि त्या खेपेत एक प्रकरण दडलेलं असतं.

दुसरी पायरी: काम हाताने शिका

कूस बदलायची ती माकडहाड, नितंब, टाचा आणि खांदे यांच्यावर सतत भार राहून कातडी मरू नये म्हणून. भाराखाली रक्त पोचत नाही, आधी डाग पडतो, मग साल जाते, मग जखम खोल जाते. नेहमीचा नियम दर दोन तासांनी. हवेची गादी आणली तरी वळवणं सुटत नाही. अनेक घरांत गादी आणल्यावर सगळे निश्चिंत होतात आणि आठवड्याभरात जखम दिसते.

माणसाच्या खांद्यापासून मांडीपर्यंत एक आडवी चादर घातलेली असते. तिच्या कडा गुंडाळून मुठीत धरायच्या आणि माणसाला चादरीसकट वळवायचं. काखेत हात घालून ओढायचं नाही, कारण ओढताना कातडी गादीला घासते आणि तिथेच सोलते. पूर्ण कुशीवर वळवायचं नसतं, साधारण ३० अंश कलतं पुरे. पाठीमागे एक उशी, दोन गुडघ्यांमध्ये एक, आणि पोटऱ्यांखाली एक, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. कॅथेटरची नळी आधी सैल करून घ्यायची, नाहीतर वळवताना ताण बसतो. लघवीची पिशवी कायम पोटाच्या पातळीखाली.

हाडांत कॅन्सर असेल तर वळवणं हीच दिवसातली सर्वांत दुखरी गोष्ट असते. तोंडाने घेतलेल्या मॉर्फिनला लागू पडायला सुमारे अर्धा तास लागतो, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली जादा मात्रा आधी देऊन थांबतात. लेखकासाठी हा अर्धा तास फार मोलाचा आहे. दोघांनाही पुढे काय येणार ते माहीत असतं आणि करण्यासारखं काही नसतं. कादंबरीतले खरे संवाद इथे बसतात, वळवताना नाही. मॉर्फिनबरोबर पहिल्या दिवसापासून जुलाबाचं औषध द्यावं लागतं, कारण बद्धकोष्ठ ठरलेलाच. हे ज्या लेखकाला माहीत नसतं त्याचे अण्णा सहा आठवडे शौचाला जातच नाहीत, आणि ज्याने हे घरात केलेलं आहे तो वाचक तिथेच पुस्तक मिटतो.

आणखी एक बारकावा. पुस्तकांत "लाल चट्टा" लिहितात, पण सावळ्या कातडीवर तो लाल दिसतोच असं नाही. तो काळपट किंवा जांभळट दिसतो, आणि डोळ्यांपेक्षा हाताला आधी कळतो: भोवतालपेक्षा गरम किंवा कडक लागतो. त्या जागी चोळायचं नसतं, चोळल्याने आतलं नुकसान वाढतं. जुन्या पिढीतल्या मावश्या मात्र स्पिरिट लावून चोळतात. तुमच्या कादंबरीतली मावशी तसं करत असेल तर करू द्या, पण लेखकाला ते चुकीचं आहे हे ठाऊक हवं.

शक्य असेल तर एका निरोगी माणसाला पलंगावर झोपवून, "अंग सोडून पड" असं सांगून, त्याला आडव्या चादरीने तीनदा वळवून पाहा. तुमची कंबर कुठे दुखते, श्वास कधी अडतो, तोंड त्याच्या कानाच्या किती जवळ येतं, हे तेव्हाच कळतं.

तिसरी पायरी: चार वेळा निवडा

दर दोन तासांनी म्हणजे दिवसाला बारा वेळा. सहा आठवड्यांत पाचशेच्या वर. हा आकडा कादंबरीत कुठेही लिहू नका, पण लिहिताना तो डोक्यात असू द्या. पाचशेपैकी चार निवडायच्या.

पहिली, सुरुवातीची. सुनंदा आणि भाऊ दोघे आहेत, दोघांनाही येत नाही, अण्णा चिडून सूचना देतात. इथे हसूही येऊ शकतं आणि येऊ द्यावं. दुसरी, डाग दिसतो ती. तिसरी, चुकलेली: रात्री दोनचा गजर वाजतो, सुनंदा तो बंद करते आणि जाग येते तेव्हा साडेपाच झालेले असतात. चौथी, न केलेली: शेवटच्या दिवसांत घरी येणारी नर्स सांगते की आता घड्याळ पाहू नका, त्यांना त्रास होत असेल तर वळवू नका. जखम टाळण्याचा काळ संपलेला असतो. "ते आता जाणार" हे वाक्य कुणीही उच्चारत नाही, तरी वाचकाला कळतं, कारण पहिल्या तीन वेळा त्याने पाहिलेल्या आहेत.

भावना कामातल्या बदलातून कळते, हे या रचनेचं बळ. पण चारही वेळा सगळं वर्णन पुन्हा केलं तर वाचक कंटाळतो. उशा, चादर, नळी हे सगळं पहिल्या वेळी सविस्तर. दुसऱ्या वेळी निम्मं. तिसऱ्या वेळी एखादीच वस्तू. चौथ्या वेळी फक्त घडी केलेली चादर.

मराठीने आपल्याला इथे एक सोय दिली आहे ती वापरा. रोजच्या गोष्टींसाठी रीती भूतकाळ: "ती पाणी तापवायची, पिशवी रिकामी करायची, वहीत आकडा लिहायची." अशा चारपाच वाक्यांत तीन आठवडे जातात. मग "त्या दिवशी" म्हणून साधा भूतकाळ धरला की वाचक सावध होतो. ज्या हस्तलिखितात सगळंच साध्या भूतकाळात असतं तिथे प्रत्येक सकाळ सारख्याच महत्त्वाची होते, आणि मग लेखकाला महत्त्व दाखवायला हंबरडा लागतो.

चौथी पायरी: प्रसंग लिहा

डाग दिसण्याचा प्रसंग पहिल्या खर्ड्यात बहुधा असा उतरतो:

"अण्णांच्या सुकलेल्या देहाकडे पाहून सुनंदाचं काळीज पिळवटून निघालं. ज्या हातांनी तिला चालायला शिकवलं तेच हात आज निष्प्राण पडले होते. पाठीवरची ती जखम पाहताच तिने हंबरडा फोडला. अण्णांच्या डोळ्यांतून एक अश्रू ओघळला. 'पोरी, तू माझी मुलगी नाहीस, माझी आई आहेस,' ते क्षीण आवाजात म्हणाले. बाहेर पाऊस कोसळत होता, जणू आभाळही रडत होतं."

याला प्रश्न विचारा. किती वाजले आहेत? पाठ दिसली म्हणजे अण्णा वळले होते, मग त्यांना कुणी वळवलं? वळल्यावर त्यांचं तोंड भिंतीकडे असणार, मग अश्रू कुणाला दिसला? सुनंदाच्या हातात काय होतं? या परिच्छेदाला एकाचंही उत्तर देता येत नाही. "माझी आई आहेस" हे वाक्य तर नात्याचा अर्थ वाचकाच्या हातातून काढून घेतं. आता तोच प्रसंग कामाच्या क्रमाने:

"गोळी साडेसहाला दिली होती. सात वाजले तसं सुनंदाने बादलीत कोपर बुडवून पाहिलं आणि दार लोटून घेतलं.

'कडी लाव,' अण्णा म्हणाले.

'घरात कोणी नाहीये.'

'लाव.'

तिने कडी लावली. नळी सैल केली, उशा काढल्या, चादरीची कड गुंडाळून दोन्ही मुठींत धरली. 'एक, दोन…' अण्णांनी तीनच्या आधीच दात आवळले. मग ते भिंतीकडे वळले आणि बराच वेळ नाकाने श्वास घेत राहिले.

पाठ पुसून ती खाली आली. माकडहाडावर रुपयाएवढा काळपट डाग होता. तिने फडकं बादलीत टाकलं, हात कोरडा केला आणि हाताची मागची बाजू तिथे लावली. गरम होता.

'काय बघतीस?'

'पावडर साठलीये.'

ती पुसत राहिली. समोरून पुसायची वेळ आली तेव्हा अण्णा कॅलेंडरकडे पाहू लागले.

'संकष्टी कधी आहे?'

'मंगळवारी.'

'म्हणजे अंगारकी.'

'हो.'

तिने कोरडं केलं, लंगोट बांधला, चादर ओढली. 'वळ आता,' ती म्हणाली, आणि 'वळा' म्हणायचं राहून गेलं. अण्णा वळले."

हा प्रसंग कशावर उभा आहे ते पाहा. कडी लावण्यात अण्णांची लाज आहे, आणि "लाज" हा शब्द नाही. मुलीने बापाला समोरून पुसणं हा घरातला सर्वांत अवघड क्षण. त्यातून वाट काढायला दोघेही संकष्टीचा आधार घेतात. सुनंदा डागाबद्दल खोटं बोलते, आणि ते खोटं तिसऱ्या प्रसंगात तिच्याकडे परत येतं. "वळा" चं "वळ" होणं ही मराठीत सहज शक्य असलेली गोष्ट. आयुष्यभर ज्यांना अहोजाहो केलं त्यांच्याशी आपण लेकराशी बोलावं तसं बोललो, हे एका काना-मात्रेत येतं. असा घसरलेला शब्द संपूर्ण कादंबरीत एकदाच वापरावा. तुमच्या घरात वडिलांना अरेतुरे करण्याची रीत असेल तर ही जागा दुसरीकडे शोधावी लागेल.

दुरुस्त करताना "काळीज", "हंबरडा", "डोळ्यांच्या कडा", "जणू", "निष्प्राण" हे शब्द शोधून काढा आणि प्रत्येक ठिकाणी हातात एक वस्तू द्या. मात्र उलट चूकही होते. सगळं शिकून घेतलेला लेखक उत्साहाने ३० अंश, दोन तास, मिलिलिटर असं सगळं एका पानावर ओततो आणि प्रसंगाची माहितीपुस्तिका होते. प्रसंगात एक आकडा पुरे. वरच्या प्रसंगात फक्त घड्याळाची वेळ आहे, आणि तिचं काम गोळी आणि वळवणं यांतलं अंतर दाखवणं.

जेवण भरवण्याची जागा

मराठी घरात खरी भांडणं औषधावरून क्वचितच होतात, ती "दोन घास" यावरून होतात. पुण्याहून फोन येतो: "काही खाल्लं का त्यांनी?" सुनंदाकडे उत्तर नसतं. शरीर मिटत जातं तशी भूक आपोआप जाते, आणि बळेच भरवलं तर घास श्वासनलिकेत जाऊन ठसका लागतो, कधी न्यूमोनिया होतो. पण भावाच्या डोळ्यांपुढे बाप उपाशी आहे. दोघेही प्रेमानेच बोलत असतात, त्यामुळे इथे कुणालाही खलनायक करू नका. परगावचा भाऊ म्हणजे बेजबाबदार हा साचा आता गुळगुळीत झाला आहे. त्याला एकदा स्वतःच्या हाताने पेज भरवू द्या. डोकं उंच, हनुवटी किंचित खाली, अर्धा चमचा, गिळल्याची खात्री करून मग पुढचा. तिसऱ्या चमच्याला अण्णा तोंड मिटून घेतात. तो वाटी धरून बसून राहतो, आणि पुढच्या फोनवर तो प्रश्न विचारत नाही.

सुनंदाच्या मनात "आता सुटावं" हे येणारच, आणि ते यायला हवं. वासाची किळस, उसने घेतलेले पैसे, स्वतःच्या घराकडे झालेलं दुर्लक्ष, हे सगळं. नवोदित लेखक असा विचार लिहितात आणि लगेच तिला देवापुढे माफी मागायला लावतात. माफी काढून टाका. विचार कामाच्या मध्ये, एका वाक्यात येऊ द्या आणि पुढच्या वाक्यात तिला पिशवीतली लघवी मोजू द्या.

शेवटची पायरी: जाण्याचा प्रसंग

शेवटचे शब्द लिहू नका. शेवटचे एकदोन दिवस माणूस बहुधा शुद्धीत नसतो. अण्णांचं शेवटचं कळण्यासारखं बोलणं चारपाच दिवस आधी होऊन गेलेलं असेल, आणि ते "पंखा कमी कर" एवढंच असेल. ते शेवटचं होतं हे सुनंदाला नंतर कळतं.

जे दिसतं ते लिहा. लघवी कमी आणि गडद होते. पाय गार पडतात, गुडघ्यांवर जांभळट जाळी दिसते. घशात साठलेला स्राव गिळता येत नाही म्हणून घरघर लागते. ऐकणाऱ्यांना ती असह्य होते, पण त्या अवस्थेत रुग्णाला तिचा त्रास बहुधा जाणवत नाही. कुशीवर कलतं ठेवल्याने आवाज कमी होतो, म्हणजे न वळवण्याचं ठरल्यावरही एकदा वळवावं लागतं. श्वासात खंड पडू लागतात: थांबतो, घरातले सगळे थांबतात, मग एक खोल श्वास येतो. हे तासन्‌तास चालू शकतं. सिनेमातली मान एका बाजूला कलण्याची घटना बहुधा घडत नाही. पुढचा श्वास येत नाही, आणि तो आला नाही हे ठरवायला घरच्यांना दोनतीन मिनिटं लागतात. तीच मिनिटं लिहायची असतात.

गंगाजल द्यायचं असेल तर कुणी पळीभर ओतू नये, बेशुद्ध माणसाच्या घशात ते अडकतं. तुळशीचं पान भिजवून ओठांना लावतात. कादंबरीतल्या काकूने ओतलं तर सुनंदाचा हात मध्ये येईल, आणि त्या हातावरून पुढे घरात अबोला होऊ शकतो.

मग कामं सुरू होतात. डॉक्टरांना बोलवायचं, कारण घरी झालेल्या मृत्यूसाठी त्यांनी मृत्यूचं कारण लिहून द्यावं लागतं, आणि मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. जबडा ताठ व्हायच्या आत हनुवटीखालून पट्टी बांधायची. आणि कॅथेटर काढायचा. तो नुसता ओढून निघत नाही, आत पाण्याने भरलेला छोटा फुगा असतो, बहुधा १० मिलीचा. नळीच्या बाजूच्या फाट्याला सिरिंज लावून ते पाणी आधी काढावं लागतं. भाऊ म्हणतो नर्स येऊ दे. सुनंदा ड्रॉवरमधून सिरिंज काढते, दाराकडे जाते, आणि कडी लावते.